सेन्सर नळ बंद पडला की आधी काय बघायचं?

प्रश्न: आमच्या मंगल कार्यालयात हात धुवायच्या जागी पाच सेन्सर नळ आहेत. दोन वर्षं नीट चालले. आता दोन नळ हात धरला तरी ढिम्म, एकातून बारीक धार येते, आणि एक गर्दीच्या वेळी बंदच होत नाही. सेल बदलून पाहिले, फरक नाही. विकणारा म्हणतो सेन्सर गेलाय, अख्खे नळ बदला. पाणी बोअरचं आहे, लग्नाच्या दिवसांत टँकरचंही. काय करावं?

उत्तर:

अख्खे नळ बदलू नका, निदान अजून तरी. चार नळ तीन वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडले असतील तर सगळ्यांचे सेन्सर एकदम गेले हे पटण्यासारखं नाही. सेन्सर हा या नळातला सहसा कमी बिघडणारा भाग. विकणाऱ्याला तो बदलायला सोपा आणि विकायला महाग, म्हणून आधी त्याचंच नाव येतं.

तपासणीला हत्यार लागायच्या आधी कान लागतो. कार्यालय रिकामं असताना, पंखे-पंप बंद करून, बेसिनखाली बसा. भिंतीवर किंवा बेसिनच्या मागे एक छोटा डबा असेल, त्यात सेल आणि पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो. दुसऱ्या माणसाला नळाखाली हात धरायला सांगा आणि त्या डब्याला कान लावा. बारीक 'टक्' असा आवाज आला पाहिजे. हात काढल्यावर पुन्हा एक 'टक्'. हा आवाज आला का नाही, यावरून निम्मं काम होतं. आवाज नाही, तर दोष बहुधा विजेच्या बाजूला: सेल, वायर, कॉइल किंवा सेन्सर. आवाज येतो पण पाणी येत नाही, बारीक येतं किंवा थांबत नाही, तर सेन्सर ठणठणीत आहे, दोष पाण्याच्या बाजूला आहे. तुमचे ढिम्म असलेले दोन नळ पहिल्या गटात आहेत की दुसऱ्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी ऐकून घ्या.

हा आवाज कशाचा, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सेलवर चालणाऱ्या नळातली कॉइल सतत वीज खात नाही. सेन्सरला हात दिसला की तो कॉइलला एक क्षणभराचा झटका देतो, सेकंदाच्या काही शतांश भागाचा. त्या झटक्याने आतला लोखंडी दांडा, म्हणजे प्लंजर, वर उचलला जातो आणि एक कायमचा चुंबक त्याला तिथे धरून ठेवतो. हात काढला की उलट्या दिशेचा झटका येतो, चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग प्लंजरला खाली ढकलते. वीज लागते ती फक्त या दोन क्षणांना. म्हणून चार पेन्सिल सेल महिनोन् महिने पुरतात. पण त्या एका क्षणाला मात्र भरपूर करंट लागतो, आणि सेलचा घोळ नेमका तिथे होतो.

तुम्ही सेल बदलले म्हणता. कुठले? गावात दुकानात मागितले की भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल मिळतात. घड्याळाला ते उत्तम, कारण घड्याळ चिमूटभर करंट घेतं. या कॉइलला ते पुरत नाहीत. हिशेब असा: कॉइलचा रोध समजा 8 ओहम आहे आणि सेल चार, म्हणजे 6 व्होल्ट. कॉइलला साधारण पाऊण ॲम्पियर हवा. नव्या अल्कलाइन सेलचा स्वतःचा आतला रोध एका ओहमच्या बराच खाली असतो, चार मिळून फार तर एक ओहमभर. त्यामुळे झटक्याच्या वेळी 5 व्होल्टच्या वर शिल्लक राहतात. साधा सेल थोडा वापरला किंवा दुकानात पडून जुना झाला की त्याचा आतला रोध दोन ओहमपर्यंत सहज जातो. चारांचे आठ. म्हणजे कॉइलला निम्मेच, 3 व्होल्ट मिळतात. प्लंजर हलत नाही किंवा अर्धवट हलून परत बसतो.

गंमत म्हणजे हेच सेल मल्टिमीटरवर मोजले तर 5.8 व्होल्ट दाखवतील आणि तुम्ही म्हणाल सेल चांगले आहेत. मीटर सेलकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, आणि झटका इतका छोटा असतो की साध्या मीटरला तो दिसतही नाही. म्हणून मोजण्यात वेळ घालवू नका. एका नळात चारही नवे अल्कलाइन सेल घाला, एकाच पाकिटातले. एक जुना आणि तीन नवे असं करू नका, जुना एकटा सगळ्यांची वाट अडवतो. चार्ज होणारे सेल प्रत्येकी 1.2 व्होल्टचे, म्हणजे चार मिळून 4.8. काही नळ त्याला 'सेल संपत आले' असं समजतात आणि दिवा लुकलुकवत बसतात किंवा उघडायचंच नाकारतात. हे नाकारणं मुद्दाम असतं: व्हॉल्व्ह उघडला आणि बंद करायला दम उरला नाही, तर पाणी रात्रभर वाहत राहील, म्हणून सेन्सर आधीच हात वर करतो.

सेलच्या डब्यातल्या स्प्रिंगांकडेही बघा. बेसिनखाली दमट असतं. पांढरट-हिरवट थर दिसला तर सेल गळलेला आहे. अल्कलाइन सेलमधून निघतो तो क्षार, म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापूस फिरवला की तो फसफसून सुटतो. मग ओल्या कापसाने पुसून पूर्ण कोरडं करा आणि बारीक पॉलिश पेपरने पत्रा चमकवा. हातमोजे घाला, तो क्षार कातडीला आणि डोळ्यांना चांगला नाही.

नवे सेल घातल्यावर एक सवय लावून घ्या: लगेच हात धरून 'चालतंय का' बघू नका. बरेच सेन्सर वीज आल्या आल्या समोरचं बेसिन, भिंत वगैरे ओळखून आपली मर्यादा ठरवतात. त्या वेळी तुमचा हात समोर असेल तर तो त्यालाच बेसिनचा भाग समजेल आणि पुढे हाताला उत्तर देणार नाही. सेल घाला, बाजूला व्हा, अर्धा मिनिट थांबा, मग हात धरा. सेल बदलूनही फरक पडला नाही याचं कारण कधीकधी इतकंच असतं.

आता समजा चांगले सेल आहेत, स्प्रिंग स्वच्छ आहेत, तरी टक् नाही. तेव्हा कॉइल आणि सेन्सर वेगळे करायचे. कॉइलच्या दोन वायरींचा जोड सेन्सरपासून सोडवा आणि सेलच्या डब्याच्या दोन वायरी कॉइलच्या टोकांना क्षणभर, फक्त क्षणभर, टेकवा. टक् व्हायला हवं आणि पाणी सुरू व्हायला हवं. नाही झालं तर वायरी उलट करून टेकवा. एका दिशेने उघडतं, उलट्या दिशेने बंद होतं. दोन्ही नीट झालं तर कॉइल चांगली, दोष सेन्सरकडे किंवा मधल्या वायरीत. काहीच झालं नाही तर कॉइल जळली आहे किंवा प्लंजर क्षाराने अडकला आहे. धरून ठेवू नका, कॉइल तापते. आणि हे फक्त सेलवरच्या नळाला करा. अडॅप्टरवर चालणारे काही नळ वेगळ्या जातीची कॉइल वापरतात, पाणी चालू असेपर्यंत सतत वीज घेणारी, आणि ओल्या जागेत अडॅप्टरच्या वायरींशी खेळायचं नाही.

जाता जाता: जोड परत लावताना त्या दोन वायरी उलट लागल्या, तर नळ हात धरल्यावर बंद आणि हात काढल्यावर चालू होईल. पुष्कळ जण अशा नळाला 'वेडा झालाय' म्हणून फेकून देतात.

सेन्सरची काळी काचही बघा. तिच्यामागे दोन डोळे असतात: एक डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या चमका सोडतो, दुसरा त्या हातावरून परत येतात का ते बघतो. अंधाऱ्या जागी फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून काचेकडे बघितलं तर बऱ्याचदा जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. दिसला तर निदान एक डोळा जिवंत आहे. दिसला नाही म्हणून मेला असं मात्र नाही, काही फोनना तो दिसतच नाही. काचेवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आणि साबणाचा चिकटा बसला की चमक बाहेर जायच्या आधीच परत फिरते. ओल्या मऊ कापडाने पुसा. संडास साफ करायचं ॲसिड काचेवर जाऊ देऊ नका. सफाई करणारी मंडळी एकाच बाटलीने सगळं घासतात आणि वर्षभरात ती काच दुधासारखी होते. मग पुसून काही होत नाही.

आणि कार्यालय आहे म्हणून विचारतो: नळासमोर साबणाची बाटली, फुलांचं भांडं, कुणाच्या तरी लग्नाची झिरमिळी असं काही ठेवलेलं असतं का? सेन्सरला ते हात वाटतं. तो पाणी सोडतो, ठरलेली कमाल वेळ संपली की बंद करतो आणि समोरची वस्तू हलेपर्यंत पुन्हा उघडत नाही. बघणाऱ्याला वाटतं नळ मेला.

आता पाण्याची बाजू, म्हणजे तुमचा बारीक धारेचा नळ. टक् होतो आणि धार बारीक, याचं पहिलं कारण जाळी. अँगल कॉकमधून येणारी कनेक्शन पाइप व्हॉल्व्हच्या डब्यात शिरते तिथे टोपीच्या आकाराची छोटी जाळी असते. काही नळांत ती अँगल कॉकमध्येच असते. अँगल कॉक बंद करा, खाली बादली ठेवा, नट सोडवा आणि बारीक पक्कडीने जाळी अलगद ओढा. बोअर आणि टँकर दोन्ही असलेल्या जागी जाळी काढली की पाणी कुठून आलं ते वाचता येतं: तपकिरी गाळ म्हणजे टँकर, टणक पांढरे खडे म्हणजे बोअरचा क्षार, पांढऱ्या मऊ चिंध्या म्हणजे प्लंबरने जोडाला गुंडाळलेला टेफ्लॉन टेप. गाळ आणि चिंध्या उलट्या बाजूने पाणी सोडून जातात. क्षार चिकटला असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून जाळी रात्रभर त्यात ठेवा. जाळी परत लावायच्या आधी पाइपचं तोंड बादलीत धरून अँगल कॉक थोडा वेळ पूर्ण उघडा, म्हणजे पाइपमधला गाळ जाळीवर पुन्हा येऊन बसणार नाही. मग नळाच्या तोंडाची फेसाची जाळीही आटे फिरवून काढा, तिच्यातही हाच ऐवज असतो.

जाळी काढून टाकली की धार लगेच सुधारते, आणि म्हणून घाईतला प्लंबर ती खिशात घालून निघून जातो. तसं होऊ देऊ नका. जाळी गेली की वाळूचा कण थेट व्हॉल्व्हच्या रबरापर्यंत पोचतो आणि मग बारीक धारेऐवजी न थांबणारा नळ मिळतो.

न थांबणारा नळ समजायला रबराचं काम बघावं लागेल. कॉइलचा तो प्लंजर पाणी स्वतः अडवत नाही, तेवढी त्याची ताकद नाही. पाणी अडवतो एक रबरी पडदा, डायफ्राम. या पडद्यात सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यातून पाणी पडद्याच्या वर जाऊन बसतं आणि पाण्याचाच दाब पडद्याला खाली दाबून धरतो. प्लंजर उचलला की वरचं पाणी दुसऱ्या एका वाटेने निसटतं, पडदा उचलला जातो आणि नळ वाहतो. प्लंजर बसला की ती वाट बंद होते, सुईच्या भोकातून पाणी पुन्हा वर भरतं, पडदा खाली येतो. आता लक्षात येईल: ते बारीक भोक क्षाराने बुजलं, तर पडद्यावर पाणी भरतच नाही आणि नळ वाहत राहतो. निसटायची वाट बुजली तर उलट, टक् होऊनही नळ उघडत नाही.

अँगल कॉक बंद करून व्हॉल्व्हचे स्क्रू काढा, बहुतेक चार असतात. उघडण्याआधी झाकणावरून खालच्या बुडावर जाणारी एक सलग रेघ मार्करने मारा, कारण झाकण फिरून बसलं तर भोकं जुळत नाहीत. स्प्रिंग उडून जाईल, हाताखाली कापड पसरा. पडदा साध्या पाण्यात धुवा, प्रकाशासमोर धरून भोक आरपार दिसतंय का बघा. बुजलं असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा. भोकात टाचणी घालून ते मोठं करायचा मोह आवरा. ते निसटायच्या वाटेपेक्षा लहान असायलाच हवं. मोठं झालं तर जेवढं पाणी बाहेर निसटतं तेवढंच आत येत राहतं, आणि पडदा उचलला जात नाही. पडदा कडक झाला असेल, चिरला असेल, तर बदला. तो नळापेक्षा खूप स्वस्त मिळतो.

पण तुमचा नळ 'गर्दीच्या वेळी' बंद होत नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि तो शब्द मला महत्त्वाचा वाटतो. भोक बुजलं असतं तर तो सदासर्वकाळ वाहिला असता. गर्दीतच वाहतो म्हणजे दाबाचा प्रश्न. असाच प्रकार मी एका एकमजली कार्यालयात पाहिला. सकाळी सगळे नळ शहाण्यासारखे चालायचे, पंगत उठली की एक-दोन वाहायला लागायचे. तिथे टाकी स्लॅबवर होती, तिचं बूड जमिनीपासून 3.6 मीटरवर. नळाचं तोंड 0.9 मीटरवर. टाकीत एक मीटर पाणी धरलं तर नळावर 3.7 मीटर उंचीचं पाणी. दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे 0.37 बार. आणि व्हॉल्व्हवर छापलेलं होतं किमान 0.5 बार. नळ एरवी चालत होता तो नशिबाने. पंगत उठली की सगळे नळ एकदम सुरू, शिवाय स्वयंपाकघराची लाइन त्याच पाइपवर, भांडी धुणं चालू. दाब आणखी खाली जायचा आणि पडद्याला खाली दाबायला जोर उरायचा नाही. त्यात पाणी उडतं म्हणून कुणीतरी दोन अँगल कॉक अर्धे पिळून ठेवले होते, म्हणजे व्हॉल्व्हपाशी पोचणारा दाब आणखी कमी. नेमके तेच दोन नळ वाहायचे.

तिथे अँगल कॉक पूर्ण उघडले, तेव्हा एक नळ सुधारला. स्वयंपाकघराची लाइन टाकीपासून वेगळी काढली आणि हात धुण्याच्या लाइनवर दाब बघून आपोआप चालू-बंद होणारा छोटा प्रेशर पंप बसवला, तेव्हा सगळे सुधारले. पंप नको असेल तर टाकी लोखंडी स्टँडवर दीड-दोन मीटर वर घेणं हाही उपाय आहे, फक्त स्लॅबवर वजन पेलेल का ते इंजिनिअरला विचारून. तुम्हीही आधी टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंतची उंची टेपने मोजा आणि तुमच्या व्हॉल्व्हवर किंवा त्याच्या कागदावर किमान दाब किती लिहिलाय ते बघा. ओळखायची एक सोपी खूण: वाहणाऱ्या नळाशेजारचे सगळे नळ बंद केले आणि तो मग आपोआप थांबला, तर रबर निर्दोष, दाब कमी.

लग्नं नसलेल्या महिन्यांत नळ पडून राहतात तेव्हा आतलं पाणी आटून क्षार पडद्यावर आणि प्लंजरवर सुकतो. त्या काळात पंधरवड्यातून एकदा प्रत्येक नळ थोडा वेळ चालवा. महिनाभर कार्यालय बंदच राहणार असेल तर सेल काढून ठेवा, गळणार नाहीत.

आता विकणाऱ्याचा मुद्दा. नवे अल्कलाइन सेल घातले, स्प्रिंग साफ केले, काच पुसली, समोर काही नाही, कॉइल थेट सेलवर टक् करते, मधली वायर उंदराने कुरतडलेली नाही, आणि तरीही हात धरल्यावर कॉइलला झटका जात नाही. इतकं सगळं झालं तरच सेन्सर गेला म्हणा. तेव्हाही फक्त सेन्सर मागा, अख्खा नळ नको. जुना सोबत न्या आणि तीन गोष्टी जुळवा: किती व्होल्टचा आहे, कॉइल झटक्याची आहे की सतत वीज घेणारी, आणि वायरीच्या टोकाचा जोड तसाच आहे का. यातलं एक जरी चुकलं तरी नवा सेन्सरही जुन्यासारखाच गप्प बसेल.